आमच्या डोंगराची उंची किती? एका फ्लेक्सवरनं झालेली भांडणं आणि टोपोशीटवरची मोजणी

प्रकरण साधंच होतं खरं तर. आमच्या गावामागं डोंगर हाय, कोल्हापुरातनं पन्हाळ्याकडं जाताना अलीकडं, वर एक देऊळ आणि चैत्रात यात्रा. यंदा तालमीच्या पोरांनी ठरवलं की पायवाट जिथनं सुरू होते तिथं बोर्ड लावायचा, देवस्थानाची माहिती, डोंगराची उंची, खाली शुभेच्छुकांचे फोटो, म्हणजे नेहमीचं सगळं. फ्लेक्स छापून आला आणि त्यावर मोठ्या अक्षरात "उंची २४०० फूट". तात्या, म्हणजे माझे चुलते, वय ऐंशीच्या घरात, ते बोर्डापुढं उभं राहिले आणि म्हणाले, "चोवीसशे फूट? मी पोरवयात शेरडं घेऊन दिवसातनं दोनदा वर जायचो रं, पाचशे फूट असंल नसंल." त्यात भर म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जी वाडी हाय तिथली पोरं म्हणायला लागली की डोंगर आमच्या बाजूनं जास्त उंच हाय, बोर्ड आमच्याकडं लागला पाहिजे.

मी वीस वर्षं कॅनॉल आणि रस्त्याच्या सर्व्हेची कामं केलीत त्यामुळं हे सगळं माझ्या अंगणात येऊन पडलं. भाचा बारावीला, भूगोल घेतलाय, त्याच्या प्रॅक्टिकलला टोपोशीट, म्हणजे उंचीच्या रेषा काढलेला सरकारी नकाशा, असतंच, म्हटलं चल, आपण दोघं मिळून काढू. हे जे लिहितोय ते त्या आठ-दहा दिवसांचं हाय, जसं झालं तसं, चुका धरून.

शीट मिळवायला काही कष्ट पडले नाहीत. आमचा भाग, म्हणजे पन्हाळा आणि जोतिबा ज्या शीटवर येतात ते सर्व्हे ऑफ इंडियाचं ४७ एल/१, स्केल एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. समासात लिहिलेलं असतं की कंटूरमधलं अंतर २० मीटर. हे वाक्य आधी वाचायचं आणि मग नकाशाकडं बघायचं, कारण बाकी सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा असतो. तपकिरी बारीक रेषा म्हणजे कंटूर, एका रेषेवर कुठंही उभं राहा, उंची तीच, शेजारच्या रेषेवर गेलं की वीस मीटर जास्त नाहीतर कमी. दर पाचवी रेषा जाड काढलेली असते आणि तिच्यावर मधूनमधून आकडा लिहिलेला असतो. अंतर २० असेल तर जाड रेषा शंभराच्या टप्प्यानं येणार, ६००, ७००, असं. आमच्या डोंगरावर दोनच जाड रेषा, पायथ्याला ६०० आणि वर ७००. माथ्यावर मात्र काहीच नाही, ना टिंब देऊन लिहिलेली उंची, ना सर्व्हेच्या दगडाचा त्रिकोण. ते असतं तर प्रश्न पाच मिनिटात मिटला असता आणि हे लिहायची वेळ आली नसती.

भाच्यानं पेन्सिल घेतली आणि कड्याच्या बाजूनं मोजायला सुरुवात केली, कारण तीच बाजू गावातनं दिसते. ६०० ची जाड रेषा एक, मग दोन, तीन, असं करत माथ्याच्या बंद गोलापर्यंत सहा रेषा. "मामा, सहा गुणिले वीस, एकशेवीस मीटर. झालं."

मी विचारलं, दोन जाड रेषांच्या मधी बारीक किती आल्या? तो म्हणाला तीन. मग मी गप्प बसलो आणि त्याच्याकडं बघत राहिलो. दोन मिनिटांनी त्याचं त्यालाच कळलं. ६०० आणि ७०० च्या मधी ६२०, ६४०, ६६०, ६८० अशा चार बारीक यायलाच पाहिजेत, कमी नाही जास्त नाही. तीन दिसतात म्हणजे एक रेषा कुठंतरी दुसऱ्या रेषेत मिसळलीय. आणि तसंच होतं, कड्यावर उतार एवढा उभा की दोन रेषा एकमेकींना चिकटल्यात, त्यात आमच्याकडं होती झेरॉक्स, काळीपांढरी, मग काय, तपकिरी रेषा, पायवाट आणि ओहोळ सगळं एकाच रंगात. माझा जुना अनुभव असा की कंटूर मोजताना कड्याच्या बाजूनं कधी मोजू नये, डोंगराची जी लांब सोंड खाली उतरत येते तिच्यावरनं मोजावं, तिथं रेषा सुट्या सुट्या असतात आणि डोळ्याला त्रास नाही. रेषेला तुम्ही कुठनं ओलांडता यानं आकडा बदलत नाही, कुठल्याही वाटेनं वर जा, त्याच रेषा लागणार. म्हणून सोपी वाट धरायची. आणि जाड रेषांच्या मधल्या चार, ही तपासणी प्रत्येक वेळी करायची, ती फुकट मिळते.

(झेरॉक्सवरनं आठवलं, दुकानदारानं ती जरा बारीक करून काढली होती, कागदावर बसावी म्हणून. अशा झेरॉक्सवर फूटपट्टीनं मोजून पन्नासनं गुणलं तर जमिनीवरचं अंतर चुकतं, पण कंटूरमधलं २० मीटर काही कमी होत नाही, ते २० च राहतं. आडवं अंतर बिघडतं, उभं बिघडत नाही. तरी मी पुढची मापं मूळ शीटवरनंच घेतली.)

सोंडेवरनं मोजल्यावर आल्या सात. ६००, ६२०, ६४०, ६६०, ६८०, ७००, ७२०. सगळ्यात वरचा बंद गोल ७२० चा. भाचा लगेच, "मग सात गुणिले वीस, एकशेचाळीस."

आता इथं गंमत हाय आणि इथंच बहुतेक लोक फसतात, मीसुद्धा डिप्लोमाच्या कॅम्पला फसलो होतो. रेषा सात, पण रेषांच्या मधली गाळं किती? सहा. कुंपणाला सात खांब रोवले तर मधी सहाच गाळं, तसं. पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत चढ हाय तो सहा गुणिले वीस, १२० मीटर. ७२० वजा ६००, तेच. मग १४० कुठनं आलं? ते चुकीचं म्हणायचं का?

तर नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं हाय. गाव ६०० च्या रेषेवर नाही, रेषेच्या खाली हाय. किती खाली ते माहीत नाही पण ५८० ची रेषा गावाच्या पलीकडनं जाते, म्हणजे गाव ५८० च्या वर हाय. तसंच माथा ७२० च्या रेषेवर नाही, गोलाच्या आत हाय, म्हणजे ७२० पेक्षा वर, पण ७४० ला पोचत नाही, पोचला असता तर आणखी एक गोल काढला असता. मग कमीत कमी उंची म्हणजे गाव ६०० ला टेकलेलं आणि माथा जेमतेम ७२०, १२० मीटर. जास्तीत जास्त म्हणजे गाव ५८० ला आणि माथा ७४० च्या जरासा खाली, १६० मीटर. सात रेषा ओलांडल्या तर उत्तर सहा अंतरं आणि आठ अंतरं याच्या मधी कुठंतरी, आणि बरोबर मधी सात अंतरं, १४०. भाच्याचा आकडा अंदाज म्हणून बरोबरच निघाला, फक्त तो "उंची" नव्हती, तो १२० ते १६० याचा मध्य होता. दोन्ही बाजूला वीस वीस मीटर हलणारा. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट, पाच-सहा मजल्याची बिल्डिंग. तालमीच्या बोर्डावर एवढा ढिलेपणा चालला असता, पण वाडीवाल्यांपुढं चालला नसता.

म्हणून दोन्ही टोकं आवळायची. आधी खालचं टोक.

खालच्या टोकाचा खरा प्रश्न आकड्याचा नाहीच, ठरवायचा हाय. उंची कुठनं मोजायची? नकाशावरचे सगळे आकडे समुद्रसपाटीपासून असतात. फ्लेक्सवाल्या पोरानं कुठल्यातरी ॲपवर माथ्याला बोट लावलं, त्यात ७३० मीटर आलं, त्याला ३.२८ नं गुणलं, २३९४, गोल करून २४००. आकडा खोटा नव्हता, समुद्रसपाटीपासून तेवढं हायच जवळपास. पण आपलं गावच पावणेसहाशे-सहाशे मीटरवर बसलंय, खुद्द कोल्हापूर शहर साडेपाचशेच्या आसपास, मग समुद्रापासूनची उंची डोंगराच्या एकट्याची कशी? तात्यांचे पाचशे फूट होते ते पायापासून. दोघंही आपापल्या जागी बरोबर, बोर्डावर मात्र कुठनं मोजली ते लिहिलंच नव्हतं आणि भांडण तिथनं सुरू झालं.

वाडीवाल्यांचंही तसंच. पलीकडच्या अंगाला ओढ्याकडं जमीन आणखी उतरते, त्यांचं देऊळ ५६० च्या रेषेच्याही खाली हाय. त्यांनी त्यांच्या दारातनं मोजलं तर रेषा नऊ लागतात, आपल्याकडनं सात. डोंगर तोच, माथा तोच, पाय बदलला की उंची बदलली. भाच्याला मी एवढंच सांगितलं की पेपरात "टेकडीची उंची काढा" असं आलं की आधी बघायचं, समुद्रसपाटीपासूनची विचारलीय की पायथ्यापासूनची, आणि पायथा म्हणजे कुठला बिंदू. बैठकीत ठरलं की बोर्ड पायवाटेला लागणार तर मोजायचं गावातल्या देवळाच्या पायरीपासनं. वाडीवाल्यांना वेगळा बोर्ड करायला कुणी अडवलं नव्हतं.

मग देवळाची पायरी किती उंचीवर? नकाशात देवळाची खूण हाय, ५८० आणि ६०० च्या मधी. तिथं जमीन सपाट, दोन रेषा लांब लांब, पट्टी रेषांना काटकोनात धरली तर दोघींमधी ८ मिलिमीटर. देऊळ ५८० च्या रेषेपासनं २ मिलिमीटरवर. म्हणजे अंतराच्या पाव हिश्शावर, वीसचा पाव म्हणजे ५, देऊळ ५८५ वर. यात एक गृहीत धरलंय की मधला उतार सारखा हाय, एकदम बांध किंवा दरड नाही. गावात उभं राहून बघितलं तर खरंच सारखा उतार, उसाची शेतं हळूहळू वर चढत गेलीत, पाटाचं पाणी निवांत उतरतं. तरी मी त्याला ५८५ धरताना दोन-तीन मीटर इकडंतिकडं मनात ठेवलं. पट्टी तिरकी धरली की हेच गणित बिघडतं, देवळावरनं जाणारी सगळ्यात आखूड रेघ घ्यायची, दोन कंटूरना जोडणारी, बाकी काही नाही.

आता वरचं टोक, आणि इथं जरा मजा आली.

७२० च्या गोलाच्या आत काही नाही म्हटल्यावर सगळे काय करतात, अर्धं अंतर घालतात, ७३० म्हणतात आणि पुढं जातात. पेपरात चालतं, गुणही मिळतात. पण नकाशा आणखी थोडं सांगतो, बघायची सवय पाहिजे. तो गोल मोजला, लांबी साधारण १० मिलिमीटर, रुंदी ५. म्हणजे जमिनीवर पाचशे मीटर बाय अडीचशे. बारका गोल नाही, चांगलं मोठं पठार हाय. त्याच्या खालची ७०० ची रेषा दीड मिलिमीटरवर, म्हणजे पंच्याहत्तर मीटर चालायचं आणि वीस मीटर चढायचं, असा शेवटचा उतार. आता समजा हाच उतार गोलाच्या आतही चालू राहिला असता. काठापासनं मध्यापर्यंत सव्वाशे मीटर, तेवढ्यात तीसेक मीटर चढ झाला असता आणि ७४० ची रेषा वाटेत ओलांडावी लागली असती. पण ७४० चा गोल नाही. म्हणजे उतार आत गेल्यावर मोडलाय, वरती सपाट हाय. मग माथा ७३० च्या वर असण्यापेक्षा खाली असायचीच शक्यता जास्त.

हे आमच्या भागाला धरूनच हाय. इथले डोंगर बेसॉल्टचे, थरावर थर, आणि बऱ्याच ठिकाणी वर जांभ्याची टोपी, त्यामुळं माथा टोकदार नाही, ताटासारखा. जो कुणी मसाई पठारावर गेलाय त्याला सांगायला नको, चढताना छाती भरते आणि वर गेल्यावर क्रिकेट खेळायला मैदान. अशा डोंगराला आंधळेपणानं अर्धं अंतर घालणं मला पटत नाही. सुळक्यासारखा बारका गोल असता, रेषा वरपर्यंत सारख्या जवळ असत्या, तर अर्धं काय, त्याहून जास्त घातलं असतं. भाच्यानं विचारलं, मग आपण किती घालायचे? मी म्हटलं पाच-सहा, पण हा माझा अंदाज हाय, पुरावा नाही. वाडीवाल्यांपुढं "मामाला वाटतं" चालणार नाही.

पुरावा तात्यांच्या ट्रंकेत निघाला. त्यांच्या वडिलांनी कधीतरी पाटबंधाऱ्याच्या एका साहेबाकडनं घेतलेला जुना नकाशा, कापडावर चिकटवलेला, एक इंच म्हणजे एक मैल वाला, सगळे आकडे फुटात, कंटूरमधलं अंतर ५० फूट. भाचा आधी घाबरलाच, कारण त्यात डोंगरावर २३५० लिहिलेलं, म्हणाला हा तर तीनपट उंच दाखवतोय. अरे बाबा, फूट हाय ते. जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवला की पहिली चूक हीच होते, समास न वाचता आकडे मिसळायचे.

पण त्या नकाशानं काम केलं. त्यात शेवटचा बंद गोल २३५० फुटाचा, २४०० चा नाही. म्हणजे जुन्या नकाशाप्रमाणं माथा २३५० आणि २४०० च्या मधी. मीटर केले तर ७१६ आणि ७३१.५. नवा नकाशा म्हणतोय ७२० आणि ७४०. दोघंही खरं बोलतायत असं धरलं तर माथा दोन्हीत बसला पाहिजे, म्हणजे ७२० च्या वर आणि ७३१.५ च्या खाली. वीस मीटरची फट होती ती साडेअकराची झाली, कुठंही न चढता, ऊन न खाता. मध्य ७२६ च्या आसपास. माझ्या पाच-सहाशी जुळलं याचा आनंद झाला हे कबूल करतो, पण खरं महत्त्व आकड्याला नाही. दोन नकाशांची अंतरं वेगळी असली की रेषा वेगवेगळ्या उंचीवर पडतात, एक जिथं आंधळा तिथं दुसऱ्याला दिसतं. एकाच अंतराचे दोन नकाशे असते तर काही मिळालं नसतं.

यात एक गोम हाय ती लपवत नाही. कंटूर ही जमिनीवर आखलेली रेघ नाही, सर्व्हेवाल्यांनी मापांवरनं बसवलेली हाय, आणि तिच्यात स्वतःच चूक असू शकते. आम्ही कामावर धरायचो ते असं की चांगल्या नकाशातसुद्धा कंटूर अर्ध्या अंतरापर्यंत सरकलेली असू शकते, म्हणजे २० मीटरच्या नकाशात १० मीटर. दाट झाडीत, कड्यावर हे जास्त. म्हणून ७२६ वर डोळे झाकून विश्वास ठेवला नाही.

उत्तर आतापर्यंत असं होतं, माथा ७२६, पायरी ५८५, फरक १४१ मीटर, म्हणजे ४६३ फूट. तात्यांचे पाचशे.

मग एका रविवारी चढलो. डंपी लेव्हल, म्हणजे सर्व्हेची तिपाईवरची दुर्बीण, घेऊन जायचा विचार आधी आला आणि लगेच गेला, कारण आकड्यांची पट्टी, म्हणजे स्टाफ, चार मीटरचा, उभ्या चढावर दुर्बीण एकदा मांडली की कसाबसा तीन मीटर चढ हाती लागतो, १४० मीटरला जवळजवळ पन्नास सेटिंग, आणि सोबत तालमीची पोरं, जी पहिल्या दहा मिनिटात वर पोचून फोटो काढणार. त्याऐवजी भाच्याच्या मोबाईलमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर वापरला. वर गेलं की दाब कमी होतो, आपल्या या उंचीला आणि त्या सकाळच्या सत्तावीस अंश हवेला एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ९.४ मीटर. समुद्रकाठी हा आकडा साडेआठ-पावणेनऊ असतो, वर हवा विरळ म्हणून वाढतो, त्यामुळं पुस्तकातला समुद्रकाठचा आकडा उचलून इथं लावला तर उंची कमी येते.

देवळाच्या पायरीवर सव्वासातला ९४५.२. माथ्यावर साडेआठला ९३०.६. फरक १४.६, गुणिले ९.४, १३७ मीटर. पोरं म्हणाली झालं, १३७. मी म्हटलं थांबा, खाली जाऊन पुन्हा बघू. पावणेदहाला त्याच पायरीवर, त्याच दगडावर मोबाईल ठेवला, ९४६.२. पायरी काही एका सकाळीत नऊ मीटर खाली गेली नव्हती. हवेचा दाब आपल्याकडं रोज सकाळी दहाच्या सुमारापर्यंत चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली येतो, वादळ नसलं तरी. माथ्यावरची वेळ बरोबर मधली होती म्हणून पायरीच्या दोन आकड्यांचा मध्य घेतला, ९४५.७. फरक १५.१, गुणिले ९.४, १४२ मीटर. नकाशावरनं १४१, दाबावरनं १४२. एवढं जुळलं त्यात थोडं नशीब हाय, दोन्ही पद्धतीत पाच-पाच मीटर हलायला जागा हाय, पण निदान दोघं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ५८५ मधी मिळवले तर माथा ७२७.

वर गेल्यावर ताटासारखंच होतं बघा. काठावरनं मधल्या देवळापर्यंत चालताना चढ जाणवतच नव्हता, पाच-सहा मीटर असेल. समोर जोतिबा, डावीकडं पन्हाळा, स्वच्छ.

त्यातच तालमीतल्या एकानं जीपीएस काढलं. "आण्णा, इथं ६५५ दाखवतंय की! तुमचा नकाशा बोगस हाय." क्षणभर माझ्याही पोटात गोळा आला, सत्तर मीटरचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. मग लक्षात आलं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती अंड्यापासनं, नकाशा मोजतो समुद्राच्या सरासरी पातळीपासनं, आणि आपल्या भागात ती समुद्रपातळी या अंड्याच्या साठ ते ऐंशी मीटर खाली पडते. मधलं अंतर ॲपनं दुरुस्त केलं तर आकडा नकाशाशी जुळतो, नाही केलं तर एवढा कमी येतो. त्याला सांगितलं खाली पायरीवर पण बघ. तिथं त्याला ५११ आलं. ६५५ वजा ५११, १४४. बघ म्हटलं, दोन्हीकडं चूक सारखीच असली की वजाबाकीत ती जाते, तुझं यंत्र पण आमच्याच बाजूनं बोलतंय. जीपीएसचं उभं माप तसं ढिलं असतं, १४४ ला मी फार किंमत दिली नाही, पण तेवढ्यानं पोरगं गप्प झालं.

तर बोर्डाचा मजकूर मी लिहून दिला, "गावदेवीच्या पायरीपासून उंची सुमारे ४६५ फूट, समुद्रसपाटीपासून सुमारे २३८५ फूट". तात्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग मी काय येगळं म्हणत होतो?" पोरं जरा नाराज, २४०० वरनं ४६५ म्हणजे डोंगर कुणीतरी खणून नेल्यासारखं वाटत होतं त्यांना. शेवटी २३८५ मोठ्या अक्षरात आणि ४६५ त्याच्या खाली बारीक, यावर तडजोड झाली.

फ्लेक्स छापून आला तेव्हा दोन्हीकडचा "सुमारे" गायब. डिझाईनवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आण्णा, उंची लिहिलीय न्हवं, मग सुमारे कशाला? डाऊट आल्यागत वाटतंय." भाच्यानं यात्रेच्या आदल्या रात्री काळा मार्कर घेऊन जाऊन दोन्ही ठिकाणी स्वतः लिहिला. अक्षर वाकडं आलंय, पण हाय.